पंचमीचे दिंड

शिराळा
आश्विन वद्य नवमी

प्रिय ऋषिराज,

जोतिबा तुझ्या पाठीशी असो. फोनवर मी 'जेवलास का' याच्या पुढं जात नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणून कागद घेऊन बसलोय. परवा तुझा मेसेज आला. दिवाळीला येत नाही, आणि आज्जीच्या खाण्यापिण्यावर यापुढं कधी बोलणार नाही, एवढंच लिहिलंयस. तुझ्या आईनं तो दोनदा वाचला आणि भाजणीचा डबा गिरणीत न नेता तसाच फळीवर ठेवून दिला.

आज पूजा उरकून बाहेर आलो तर तुझी आज्जी ओसरीवर हरभऱ्याची डाळ निवडत होती. तिचे हात बघून मला माझ्या लहानपणची नागपंचमी आठवली. त्या दिवशी आपल्याकडं विळी बंद, तवा बंद, कढई बंद. काही चिरायचं नाही, भाजायचं नाही, तळायचं नाही. भाजीसुद्धा आई हातानं तोडायची. मग उरायचं ते वाफेवरचं, म्हणजे दिंड. कणकेची पारी लाटून मध्ये पुरण ठेवायचं, चारी बाजूंनी पाकिटासारखी घडी घालायची आणि हळदीच्या पानावर मांडून पातेल्यात वाफवायचं. झाकण काढलं की हळदीच्या पानाचा आणि गुळाचा एकत्र वास सगळ्या गल्लीत जायचा. मी आणि तुझी आत्या झोपाळ्यावरून उड्या टाकून पळत यायचो. वारुळाला दूध-लाह्या वाहून झाल्याशिवाय आई दिंडाला हात लावू देत नसे, आणि एकदा लावू दिला की मोजत नसे. तुपाची धार धरून ती म्हणायची, "खावा रं, वरसातनं एकदा."

तू फार्मसीला सांगलीला गेलास आणि तुमच्या दोघांचं हे गोडावरून सुरू झालं. होळीला तिनं तीन पुरणपोळ्या गुळवणीत कुस्करून खाल्ल्या. दोन तासांनी तू बोटाला सुई टोचलीस तर यंत्रावर तीनशे बारा. तू ते तिच्या डोळ्यांपुढं नाचवलंस. ती म्हणाली, "यंतराला काय कळतंय गोड? मी साखर खाल्ली न्हाई, गूळ खाल्लाय. गुळात लोखंड असतं." तू म्हणालास, "आज्जी, लोखंड चिमूटभर, बाकी सगळी साखरच. रक्ताला गूळ काय आणि साखर काय, सारखंच." तिचा एकच जबाब, "परसादानं कवा कुणाचं वाईट झालंय का?" मी मधे बसून दोघांचंही ऐकत होतो. तुझं पटत होतं आणि तिचं मन मोडवत नव्हतं.

श्रावणात तू घरी आलास तेव्हा ते टोकाला गेलं. गुळाची ढेप माळ्यावर टाकलीस. पंचमीच्या आदल्या दिवशी तिचा भावाचा उपवास. साठ वर्षं मोडलेला नाही. तू म्हणालास, "तुझा भाऊ आष्ट्याला पोटभर जेवून झोपलाय, आणि तू हितं उपाशी." ती म्हणाली, "म्हणूनच त्यो जेवतोय, मुडद्या." इथवर हसणं होतं. मग तू साबुदाणा नको म्हणालास, ते निव्वळ पीठ आहे म्हणून. राजगिऱ्याचा लाडू नको म्हणालास, पाकाचा म्हणून. तुझ्या आईनं भगर पुढं ठेवली, पण तोवर तिचं डोकं फिरलं होतं. "खातच न्हाई कायबी. व्हऊ दे तुझ्या मनासारखं." दिवसभर तिनं पाणी आणि बिनसाखरेचा चहा सोडून काही घेतलं नाही.

दुपारी चारच्या सुमारास काय झालं ते तू माझ्यापेक्षा चांगलं सांगशील. लाह्या भाजायला म्हणून उठली आणि खांबाला धरून उभीच राहिली. हात थरथरत होते, लुगडं घामानं चिंब, आणि मला ती तिच्या भावाच्या नावानं हाक मारायला लागली. मला वाटलं अंगावरनं वारं गेलं. मी अंगारा शोधत होतो, तेव्हा तू यंत्र आणलंस. सेहेचाळीस. "साखर उतरलीय," एवढंच बोललास आणि माळ्यावर चढलास. आधी तिला घोटभर पाणी पाजून गिळता येतंय का बघितलंस, मग तीन चमचे गूळ पाण्यात कालवून थोडा थोडा पाजलास. ती पुटपुटली, "आता देतूस व्हय रं?" पंधरा मिनिटांनी बासष्ट. पुन्हा तेवढाच गूळ. मग नव्वद. तेव्हा कुठं दूध-चपाती चारलीस. ती म्हणाली, बरं वाटतंय, आता दवाखाना कशाला. तू ऐकलं नाहीस. तिच्या साखरेच्या गोळीचा जोर रात्रभर राहतो, साखर पुन्हा उतरू शकते, हे तुला माहीत होतं. आणि तसंच झालं, पहाटे पुन्हा उतरली. पण तोवर ती दवाखान्यात होती, हाताला सलाईन होतं.

डॉक्टर दोघांनाही बोलले. तिला म्हणाले, नातू खरं सांगतो, गुळाला सूट नाही. एक दिंड खायचा तर त्या वेळचा भात सोडायचा, आणि दोन तासांनी साखर बघायची. तुला म्हणाले, एखाद्या गोडापेक्षा गोळी घेऊन उपाशी राहणं म्हाताऱ्या माणसाला लवकर धोक्यात घालतं. तू मान खाली घातलीस, ती अजून वर केलेली नाहीस. तुला वाटतं, तू तिला उपाशी ठेवलंस.

दसऱ्याला तिनं एकच पुरणपोळी खाल्ली, भात बाजूला सारला आणि स्वतः बोट पुढं केलं. एकशे अठ्ठ्याऐंशी. "एका पोळीत सण व्हतो व्हय?" असं दिवसभर कुरकुरली. पण शेजारच्या राहीबाईंना मात्र सांगत होती, "माझ्या नातवानं शिकीवलंय."

आता जे तीन महिने लिहायचं राहिलंय ते लिहितो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी तू मला बाजूला घेऊन सांगितलं होतंस, आण्णा, उद्या ती जेवणार नसेल तर सकाळची गोळी देऊ नका. मी हो म्हणालो. सकाळी देवघरात आई हळूच म्हणाली, "लेका, उद्या दोन दिंड तरी खाऊ दे बाबा." मला ती दिसली, जुनी, तुपाची धार धरणारी. मी मनाशी हिशेब केला, की उद्याच्या गोडाची तयारी आजच करून ठेवावी. मी तिला एक सोडून दोन गोळ्या दिल्या. तू औषधं आणायला गेलास तेव्हा डॉक्टरांना सांगितलं. तुला वाटलं, सवयीनं रोजची एकच गोळी गेली; खरं सांगायचं धाडस मला झालं नाही. तू स्वतःला बोल लावत होतास आणि मी शेजारी बसून ऐकत होतो. आईला सगळं माहीत आहे, गोळ्या तिनंच गिळल्या. तरी तुझ्यापुढं तिनं तोंड उघडलं नाही. काल मी विचारलं, का गं बोलली नाहीस? म्हणाली, "माझ्या लेकाची मान पोरापुढं खाली कशी घालू?" ऋषी, तिनं तिच्या लेकाला पाठीशी घातलं. मी माझ्या लेकाला नाही घातलं. दिवाळीला ये. तुझी चूक मोजायची असेल तर माझ्यासमोर बसून मोज.

तुझाच,
आण्णा