रिकाम्या खिळ्याकडे दाखवलेलं बोट

तीर्थरूप आत्याबाईंच्या चरणी, कालपर्यंत सरकारदरबारी मयत असलेल्या जावयाचा साष्टांग नमस्कार.

(घाबरू नका. चष्मा पुसून पुन्हा वाचा, आणि उभ्या असाल तर आधी बसा.) आपले गुडघे कसे आहेत? खोकला गेला असेल. नसेल तर आपण काढा घेत नसणार, आणि ते आपल्याला सांगायची हिंमत आमच्या अख्ख्या घरात कोणाची नाही. इकडे आम्ही सुखरूप आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. आपली भाची सुखरूप आहे. माझं म्हणाल तर सकाळपासून तीनदा पत्र घेऊन बसलो आणि तिन्ही वेळा उठलो. एका जागी बूड टेकत नाही. हात रिकामे राहिले की माझं असंच होतं.

हात रिकामे का, ते आपल्याला ठाऊक आहे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. पाट्या रंगवणाऱ्याचा डोळा गेला म्हणजे सगळंच गेलं. गेल्या महिन्यात एका दाताच्या डॉक्टरची पाटी रंगवली, तर मात्रा शेजारच्या खिडकीच्या चौकटीवर निघाली. त्यांनी हसून घेतलं, मला मात्र शिडीवरून उतरवेना. ऑपरेशन कुटुंबाच्या आरोग्य कार्डावर होणार होतं, तारीखही मिळाली होती. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं, आणि इथून पुढे आत्याबाई, आपला संबंध येतो.

लग्नात आपण भाचीच्या कानात जे सांगितलंत ते तिने कालपर्यंत तसंच्या तसं पाळलं. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही. घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. सासऱ्याचं घ्यायचं नाही, थोरल्या दिराचंही नाही, ते मानाचं म्हणून. लिहिलेलं चालेल, कागदाला जीभ नसते. (ही सूट आपणच दिलीत, त्याबद्दल आभार. नाहीतर रेशनच्या दुकानातही आमचं नाव लागलं नसतं.) तेव्हापासून मी ‘अहो’ आहे, ‘हे’ आहे, आणि पाहुण्यांसमोर ‘आमच्याकडचे’. पलीकडच्या घरातला मुलगा माझ्या नावाचा निघाला, तर त्याला ती ‘शिट्टीवाला’ म्हणून हाक मारते. तो आता तीन मुलांचा बाप आहे आणि शिट्टी कधीच सुटली, पण नाव तेच. दुकानात मिळणाऱ्या एका जिनसाच्या नावात माझं अर्धं नाव येतं, म्हणून ती वाण्याला ‘ते पिवळं द्या’ म्हणते. वाण्याकडे पिवळ्या वस्तू पुष्कळ आहेत. आम्ही पुष्कळ हळद खाल्ली.

आता खरी गोम ऐका. आपल्यात बाईच्या पूर्ण नावाच्या मधोमध नवराच बसलेला असतो. म्हणजे हिला माझंच नाही, स्वतःचंही नाव धड सांगता येत नाही! पहिलं सांगते, मग एक घोट गिळते, मग आडनाव सांगते. मुलीचंही तेच. शाळेत घालताना बाईंनी पूर्ण नाव विचारलं, तर हिने पोरीला पुढे ढकललं आणि पोरीने बापाचं नाव खणखणीत सांगितलं. पुढे कुठल्याही खिडकीवर पोरीला कडेवर घेऊन जायची. मग पोर लग्न होऊन गेली आणि घरातलं तोंडच गेलं. उरली दारावरची पाटी. कोणी विचारलं की ही पाटीकडे बोट दाखवायची, विचारणारा वाचायचा, काम व्हायचं.

ती पाटी मी पावसाने उडालेली अक्षरं पुन्हा काढायला म्हणून उतरवली आणि डोळ्यामुळे तशीच कोनाड्यात राहिली. आणि नेमका तेव्हाच कार्डांची नवी नोंदणी करणारा माणूस दारात आला. मी डोळ्यात घालायचे थेंब आणायला गेलो होतो. भला माणूस, हळू आवाजात बोलणारा. त्याने घरातली माणसं विचारली, मग पतीचं नाव विचारलं. ही सवयीने मान खाली घालून गप्प राहिली. त्याने पुन्हा, आणखी हळू विचारलं. हिने बोट दाखवलं. आत्याबाई, तिथे भिंतीवर नुसता खिळा होता! आणि ही कांदा चिरता चिरता उठून आलेली, म्हणून पदराने डोळे पुसत उभी. त्या बिचाऱ्याने रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं, पेन मिटलं, ‘त्रास दिला, क्षमा करा’ म्हणाला आणि पाणीही न घेता गेला. ही दिवसभर सांगत होती, किती सभ्य माणूस आला होता म्हणून.

त्या सभ्य माणसाने मला मारलं. दवाखान्याच्या खिडकीवरच्या मुलीने कार्डाचा नंबर घातला आणि म्हणाली, ‘हे वारलेत.’ मी म्हटलं, ‘मीच तो.’ ती म्हणाली, ‘काका, इथे मयत दिसतंय, तारीख रद्द होणार.’ मी काउंटरवर मूठ आपटली. (जिवंतपणाचा दुसरा पुरावा त्या वेळी सुचला नाही.) तिने नोंदणी कार्यालयात जायला सांगितलं.

तिथले साहेब चांगले, पण कागदाला चिकटलेले. म्हणाले, माहिती पत्नीने दिली आहे, तेव्हा पत्नीनेच समोर येऊन तोंडी जबाब देऊन ती बदलायची. ते लिहून घेणार, मोठ्याने वाचून दाखवणार, मग तिची सही. लिहून आणलेलं चालत नाही, कारण लिहून कोणीही आणतं. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा हिचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. तिची अडचण बघा. मी जिवंत आहे हे सांगायचं तर माझं नाव घ्यायला हवं, आणि नाव घेतलं तर माझं आयुष्य कमी होणार! मी समजावलं, ओरडलो, जेवलो नाही. मग भूक लागली म्हणून जेवलो. डोळ्याची तारीख जवळ येत होती आणि मी घरात येरझारा घालून फरशी झिजवत होतो.

शेवटी गेलो. साहेबांनी विचारलं, ‘पूर्ण नाव?’ हिने पहिलं सांगितलं, घोट गिळला, आडनाव सांगितलं. ‘मधलं?’ ही माझ्याकडे बघायला लागली. मी तोंड उघडलं, तर साहेब म्हणाले, ‘तुम्ही बोलू नका, तुमचाच प्रश्न चालू आहे.’ मग ‘पती कोण?’ ही म्हणाली, ‘हे.’ ‘हे कोण?’ ‘हे म्हणजे हेच की!’ शेजारच्या टेबलावरच्या बाई कळवळ्याने म्हणाल्या, उखाण्यात घ्या, उखाण्यात घेतलेलं चालतं. हिने डोळे मिटून सुरुवात केली, यमक जमत आलं, रांगेतली माणसं पुढे सरकली, आणि माझ्या नावाच्या जागी घोट. लग्नातही असंच झालं होतं, फक्त तेव्हा वाजंत्री होती म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं. मी तेव्हापासून वाट बघतोय, आत्याबाई. हे आज पहिल्यांदा कोणाला सांगतो आहे.

तेवढ्यात शिपाई म्हणाला, कार्डाची झेरॉक्स लागेल. मी सुटल्यासारखा बाहेर पळालो. आणि मी समोरच्या दुकानात उभा असताना आत जे व्हायचं ते झालं. मागाहून शिपायाने सांगितलं ते असं. साहेबांनी कंटाळून फाइल ओढली आणि म्हणाले, ‘मग बाई, पती मयत हीच नोंद कायम करतो, इथे सही करा.’ त्यावर ही उठली. आणि आपल्या भाचीने माझं नाव, माझ्या वडिलांचं नाव आणि आडनाव एका दमात, अख्ख्या कार्यालयाला ऐकू जाईल असं घेतलं, आणि म्हणाली, ‘ते जिवंत आहेत! समोर झेरॉक्सच्या दुकानात उभे आहेत! मयत म्हणणाऱ्याची जीभ झडो!’ (सासऱ्याचंही गेलं त्यात. वडिलांना जाऊन वर्षं झाली, त्यांना आता धोका नाही.) साहेबांनी मुकाट्याने लिहून घेतलं.

मी झेरॉक्स घेऊन आलो तेव्हा सही होत होती. साहेबांनी ऐकलं. रांगेने ऐकलं. शेजारच्या टेबलावरच्या बाई डोळे पुसत होत्या. मी शिपायाला बाजूला घेऊन विचारलं, कसं म्हणाली रे? तो म्हणाला, ‘कसं म्हणजे? नावासारखं नाव.’ असा माणूस!

असो. मी जिवंत आहे, ऑपरेशनची तारीख परवाची आहे. आपली प्रकृती जपावी. काढा घ्यावा.

आपला,
जावई

ता. क. आता पत्राचं खरं कारण. कालपासून आपली भाची धास्तावली आहे. दुपारी मला डुलकी लागली की नाकाशी बोट धरते. शिंकलो की देवाजवळ जाऊन उभी राहते. एकदा नाव घेतल्याने आयुष्य नेमकं किती कमी होतं, हे मला विचारते. मी काय सांगू? मी सांगितलेलं तिला पटत नाही, आपण सांगितलेलं पटतं. तेव्हा आपल्या त्या जरबेच्या अक्षरात चार ओळी लिहा, की माणूस जिवंत आहे हे सांगण्यासाठी घेतलेलं नाव मोजत नाहीत. उलट वाढत असेल तर तसंही लिहा. ती हसत नाही हो, आत्याबाई. मला ते सहन होत नाही.

पुन्हा ता. क. तीच सूट घरापुरती, दार लावून, कधीमधी, अशी वाढवता आली तर बघावं. मी सुचवलं असं लिहू नये.

आणखी ता. क. पाकीट सापडेना म्हणून पत्र राहिलं आणि ऑपरेशनही होऊन गेलं. डॉक्टर म्हणतात, डोळा स्वच्छ होईल. मी पट्टी बांधून पडलो होतो तेव्हा नर्स आली, हातात फॉर्म. म्हणाली, ‘बरोबर कोण आहे? नाव सांगा.’ मी म्हटलं, ‘ही.’ ती म्हणाली, ‘ही कोण?’ आत्याबाई, माझ्या तोंडून काही निघेना. हयातभर हिला ‘अगं’ म्हणत आलोय आणि त्याला कोणी रीतही म्हटलं नाही. नर्स कंटाळून पलीकडे वळली आणि हिला म्हणाली, ‘तुम्हीच सांगा, पूर्ण नाव.’ ही पट्टीच्या बाजूला उभी, मला दिसत नव्हती. हिने आपलं नाव सांगितलं. मी घोटाची वाट बघत राहिलो. घोट आला नाही. मधलं नाव आलं, अगदी हळू, मग आडनाव.

मी विचारलं, ‘काय म्हणालीस?’ तर म्हणाली, ‘काही नाही. पडून राहा.’ आणि नाकाशी बोट धरलं. तेव्हा त्या चार ओळी लवकर पाठवा. पट्टी सुटली की पहिली पाटी आमच्या दाराची करणार आहे, पण ती म्हणते, घाई नको, खिळा आहे तसा असू दे, आता सांगता येतं.