पाच फूट तीन

प्रिय नितीश,

फोनवर तू मध्येच विषय तोडतोस, म्हणून लिहायला बसलोय. शनिवारी इथल्या बॉटनी डाउन्स या उपनगरात जाऊन आलो. ज्या स्नेहलशी तुझं लग्नाच्या ॲपवर बोलणं चाललंय, ती तिथल्या क्लिनिकच्या फार्मसीत आहे. तुझा भाऊ न्यूझीलंडमध्येच आहे तर आधी त्याला भेटू, असं तिनेच सुचवलं होतं. मॉलमधल्या कॅफेत बसलो. मुलगी मोकळी आहे, गालात हसते. मी उठून उभा राहिलो तेव्हा मात्र क्षणभर माझ्याकडे बघतच राहिली. ती नजर मला पाठ आहे.

तुला कधी सांगितलं नाही, पण इथे मशीन बनवणाऱ्या कंपनीत लागलो तेव्हा ग्राहक आले की हात मिळवायला आधी माझ्या ज्युनियरकडे वळायचे. तो सहा फूट दोन. प्रोजेक्ट माझा, प्रश्न त्याला. बिचारा दर वेळी सांगायचा, ‘बॉस हे आहेत.’ लॉकडाउनमध्ये सगळे स्क्रीनवरच्या सारख्या चौकोनांत आले आणि माझं म्हणणं पहिल्यांदा कुणी न तोडता ऐकलं. ऑफिस उघडल्यावर वेलिंग्टनची एक बाई म्हणाली, ‘अरे, मला तू उंच वाटला होतास!’ तिला ते कौतुकच वाटलं असावं. टीमलीडची जागा मात्र दोनदा हुकली. ‘प्रेझेन्स कमी पडतो,’ म्हणाले. चिडलो असतो तर बुटका म्हणून चिडतो असं झालं असतं, म्हणून चिडलोही नाही. तिसऱ्यांदा मिळाली, पण काम दुसऱ्याहून जरा जास्त करून दाखवावं लागलं.

सरितावहिनी माझ्याहून इंचभर उंच आहे, तुला माहीतच आहे. लग्नात फोटोग्राफरने मला पायरीवर चढवलं होतं. पण आम्ही दोन वर्षं एकाच ऑफिसात होतो. ॲपवर असतो तर तिच्या उंचीच्या फिल्टरने मला दारातच गाळलं असतं, हे ती स्वतः कबूल करते. रोज समोर बसणाऱ्या माणसाचा आवाज, विनोद, डबा वाटून खाणं, सगळं दिसतं. ॲपवर आधी आकडा दिसतो.

स्नेहलला मी सरळच विचारलं, की उंच मुलगाच का लागतो? तिने टाळलं नाही. म्हणाली, “दादा, मीही सहा फुटांचा फिल्टर लावला होता. कुणी सांगितलं नव्हतं. उंच माणसाजवळ सुरक्षित वाटतं, असं वाटतं खरं. तो खंबीर असेल, चारचौघांत त्याला मान मिळेल, असं आपण धरूनच चालतो. पण खरं सांगू? अर्धं कारण मी स्वतः आहे. बुटक्या मुलाशेजारी मीच थोराड दिसेन, याची भीती. आई म्हणणार, फोटोत कसं दिसेल.” त्या फिल्टरमधून आलेल्या दोघांना ती भेटली. दोघेही लिहिल्यापेक्षा दोन-दोन इंच कमी निघाले. मग तिने फिल्टर काढून टाकला.

आणि मग तिने विचारलं, “नितीश तुमच्याएवढेच आहेत ना?”

कॉफीचा कप उचलायचं निमित्त करून मी वेळ काढला. आपल्या घरात तुला सगळे ‘छोटू’ म्हणायचे आणि तू ते हसण्यावारी न्यायचास, ते आठवलं. ‘नाही, तो उंच आहे,’ म्हटलं असतं तर तिने विश्वास ठेवला असता.

मी म्हटलं, “माझ्याएवढाच. पाच-तीन.”

तिने कप बाजूला सरकवला. मला वाटलं, संपलं. मग मोबाइल काढून तिने तुझं प्रोफाइल दाखवलं. उंची पाच-सात, आणि खाली तुझी अट, मुलगी पाच-चारच्या वर नको. “मी बरोबर पाच-चार,” ती म्हणाली. “म्हणजे खरं तर मीच त्यांच्याहून उंच. माझ्या आईला समजावणं माझं काम. पण त्यांना हे चालेल का? मला तर त्यांचीच जास्त काळजी वाटते.”

नितीश, दुसऱ्यांचा आकडा आपण किती सहज गाळतो, हे मलाही तेव्हाच दिसलं.

रविवारी सकाळी ती तुला व्हिडिओ कॉल करणार आहे. कॉलवर खांद्यापर्यंतच दिसतं, तू पाच-सात म्हणून निभावून नेशील, आणि जुलैत इकडे यायच्या आधी टाचेखाली घालायचे ते पॅड मागवशील, हे मी ओळखून आहे. म्हणून हे पत्र. तिला सगळं कळलंय. तिने होकार दिलेला नाही, नकारही नाही. ती फक्त बघणार आहे, की तू स्वतःहून सांगतोस का. खोटं पुढे रेटलंस तर ती विषय तिथेच संपवेल, आणि या वेळी उंचीला दोष देता येणार नाही.

तुझाच,
सुगतदादा