बिनसाखरेची

३ तारीख, सोमवार

खेळ म्हणे! संसार मोडायच्या बेतात आलाय, पलंगाखाली माझी बॅग भरून ठेवलीये, आणि समुपदेशक बाई सांगतात — घरी नाटक करा! नवरा कॅफेचा मालक, मी खाद्यसमीक्षक. एकमेकांना ओळखायचं नाही. अहो-जाहो करायचं. तक्रार फक्त टेबलावरच्या जिनसांची, माणसाची नाही. मालकाने एप्रन काढला की खेळ संपला, आणि मग काय वाटलं ते दोघांनी खरं सांगायचं.

हे शेवटचं. नाही जमलं तर मी ताईकडे.

५ तारीख, बुधवार

झालं एकदाचं. त्याने कॉफी-टोस्ट ठेवला. मी तिथेच अभिप्राय लिहिला आणि ठणकावून वाचला. "टोस्ट एका बाजूने करपलेला, दुसरीने कच्चा. कॉफी म्हणजे पाक. पुन्हा येणार नाही." कागद त्याच्यापुढे आपटला. रागाने!

आणि हा? हसला! "जिभेला भलतीच धार आहे हो तुमच्या! बसा, दुसरी करून आणतो. साखर किती?"

"अजिबात नाही."

"बरं झालं सांगितलंत. लोक नुसते तोंड वाकडं करून निघून जातात." खुर्ची ओढून समोरच बसला, माझ्याकडे बघत.

एरवी कधी दुसरा कप केलाय याने? सकाळी ते गोड पाणी माझ्यापुढे ठेवायचं आणि मोबाइलमध्ये तोंड खुपसायचं!

एप्रन काढून म्हणाला, "मजा आली." मी म्हटलं, डोकं दुखतंय.

६ तारीख

सकाळची कॉफी. गोड!! गिळली.

८ तारीख, शनिवार

आज पुन्हा कॅफे.

"पुन्हा येणार नव्हतात ना?" मालक.

"सुधारणा बघायला आले."

"फक्त सुधारणाच?"

मी लाजले. या वयात! आणि मग डोक्यात तिडीकच गेली. त्या समीक्षक बाईशी लाडीगोडी, आणि मला "विजेचं बिल भरलंस का?" सवतीचा यावा तसा राग येतोय मला तिचा — आणि ती बया मीच!

एप्रन निघाल्या निघाल्या ओरडले, "तिला बिनसाखरेची, आणि मला पाक?"

एप्रन त्याच्या हातातच राहिला. "म्हणजे... ते नाटकातलं नव्हतं? तुला खरंच गोड नको असते?" मग पडलेल्या आवाजात, "ती बाई निदान सांगते तरी. तू नुसता कप आपटतेस."

म्हणे सांगत नाही! याला कधी ऐकायला वेळ होता? बॅग ओढून दाराशी नेऊन ठेवली.

९ तारीख, रविवार

सकाळी कप पुढे आला. एप्रन खिळ्यालाच होता. मोबाइल कुठे दिसला नाही. समोर बसून माझ्या पहिल्या घोटाची वाट बघत होता.

बिनसाखरेची. पण पांचट!

"पाणी जास्त झालंय," मी म्हटलं. माझ्याच आवाजात.

"आण इकडे. दुसरी करतो."

आत भांड्यांची आदळआपट चाललीये, तोवर हे लिहितेय. बॅग अजून दाराशीच आहे. कॉफी येऊ दे, मग बघू.