खताच्या दुकानदाराला आभाराचं पत्र

शेठ, तुम्ही जिवंत असताना दर वर्षी तुम्हाला आभाराचं पत्र लिहायचे. तुमच्या आईच्या नावाची शिष्यवृत्ती ज्याला मिळे, त्यानं परीक्षेच्या गुणपत्रिकेसोबत असं पत्र तुमच्या दुकानी स्वतः आणून द्यायचं, तरच पुढच्या वर्षाचा चेक कॉलेजकडे जाई. पहिलं पत्र तुम्ही गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं वाचलंत आणि परत फेकलंत. “यात ‘तुमच्या दयेनं’ कुठंय? नीट लिहून आण.” माझे वडील झरी गावाहून परभणीला सोबत आले होते, चपला बाहेर काढून उभे. बाहेर खताचा ट्रक लागला होता. तुम्ही त्यांना म्हणालात, “पोरीला शिकवायलोय आमी, पोती तर उतरवा.” त्यांनी उतरवली. पाठ पांढरी झालेली, आणि मी दुकानाच्या पायरीवर बसून ‘तुमच्या दयेनं’ लिहितेय.

तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीनं एसटी कधीही बंद पडायची. शिष्यवृत्तीमुळं मी वसतिगृहात राहू शकले, हे खरं. नाहीतर दोन वर्षांची पदविका करून ग्रामसेविका व्हायचं ठरलं होतं. त्याऐवजी कृषीची पदवी घेतली. खर्चासाठी घेत होते त्या शिकवण्या सोडल्या, संध्याकाळी प्रयोगशाळेत थांबता आलं. पदवीनंतर शिष्यवृत्ती पुढं चालू ठेवायला विषय कळवावा लागे. मी मृदाशास्त्र आणि कृषी रसायनशास्त्र लिहिलं. “माती तर माती, तिचं काय शिकायचं?” तुम्ही हसलात आणि सही केलीत. मी मात्र आमच्या रानात तुमचं सुपर फॉस्फेट टाकूनही जांभळी पडून खुरटलेली ज्वारी पाहिली होती. खतातला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, कसा मोजतात, ते तुमच्या खर्चानं शिकले.

पुढं खत निरीक्षक होऊन परभणीलाच आले. तुमच्या दुकानी गेले तेव्हा तुम्ही खुर्ची पुढं केलीत. “ये बाई, तू तर आपली पोरगी हाय.” मी पोत्यांत नळी खुपसून नमुना काढला, एकत्र केला, त्याचे तीन भाग करून सील केले. एक तुम्हाला दिला, एक प्रयोगशाळेला, एक आमच्या कार्यालयात.

“पोरी, माझ्या मिठाला जाग गं.”

“सही इथं करा,” मी म्हणाले.

प्रयोगशाळेत स्फुरद निम्माही निघाला नाही. तुम्ही फेरतपासणी मागितलीत. तो तुमचा हक्क होता. राखून ठेवलेला भाग दुसऱ्या प्रयोगशाळेत गेला, तिथंही तेच. परवाना गेला. त्यानंतर दोन पावसाळ्यांत तुम्ही गेलात. वडील तुमच्या मातीला जाऊन आले. “त्यानं शिकवलं तुला,” एवढंच म्हणाले. मी गेले नाही.

तेव्हा आभार, शेठ. तुम्ही नसता तर मी इतकं शिकलेच नसते. हे पत्र तुमच्या मुलाकडे देता आलं असतं, पण देणार नाही. तुमच्या दुकानाला टाळं लागलं, ते महिने मी ऑफिसला जाताना मुद्दाम लांबच्या रस्त्यानं, त्या टाळ्यासमोरून जायचे. वडिलांना हे मी कधी सांगितलं नाही.