एक वाक्य जास्तीचं

३ नोव्हेंबर, मारुंजी

सासूबाईंनी कागद पुढ्यात टाकला. ‘जुईलीला धाडायचंय. फोन उचलत न्हाई ती. तू शाळंत शिकवतीस, जरा नीट करून दे.’

जुईली, माझी नणंद, कॅनडात असते. सप्टेंबरात तिचं बाळ पोटातच गेलं. चौथा महिना होता. फोनवर सासूबाईंचं पहिलं वाक्य – ‘सांगितलं हुतं, धावपळ करू नको!’ तेव्हापासून अबोला.

पत्र वाचलं. फोन उचल. नोकरी सोड. निघून ये. डॉक्टर काय म्हणला ते कळव. नुसते हुकूम!

४ नोव्हेंबर

एकेका ओळीवर बोट ठेवून विचारत बसले – हे का लिहिलंत? भीती कसली वाटते?

‘फोन उचल’पाशी त्यांनी माझं बोट बाजूला सारलं. मग हळूच, ‘मला वाटतं, पोरीनं जिवाचं काय बरंवाईट केलं की काय.’

मग तेच लिहिलं – तू फोन उचलला नाहीस की माझ्या मनात वंगाळ येतं. बोलू नको वाटलं तर नुसतं ‘बरी हाय’ एवढं धाड.

‘डॉक्टर काय म्हणला’ काढलं. सांगावंसं वाटलं तर ऐकीन, मधी बोलणार न्हाई – असं घातलं.

‘निघून ये’वरून भांडण. मी लिहिलं, नाही आलीस तरी मी रागावणार नाही. त्या उसळल्या, ‘खोटं हाय ते! आन् ही माझी भाषा न्हाई, ती वळखंल.’

खरंच की. बदललं – यावंसं वाटलं तर माडीवरची खोली भाडेकरूकडून रिकामी करून घेते. न्हाई आलीस तर वाईट वाटंल. ते माझं मी बघीन.

यावर त्यांनी होकाराची मान हलवली.

५ नोव्हेंबर

मला घालायचं असं एकच वाक्य राहिलंय. तुझी चूक नव्हती.

‘ते लिवू नको.’

का?

‘मला तसं वाटत न्हाई. आठ-आठ तास हुबी ऱ्हायची ती दुकानात.’

मी सांगितलं, असं बाळ गेलं तर बहुतेक वेळा आईचा काही दोष नसतो, उभं राहण्यानं होत नाही, डॉक्टरच सांगतात. त्या उठून गोठ्याकडे गेल्या.

६ नोव्हेंबर

पत्राचा फोटो काढून फोनवरून पाठवला. ते वाक्य घालून. त्यांना वाचून दाखवताना तेवढं गाळलं.

त्या वाक्याशिवाय बाकीच्याला काय अर्थ होता?

९ नोव्हेंबर

जुईलीचा फोन! थेट सासूबाईंना. स्पीकर चालू होता. रडत होती – ‘आई, माझी चूक नव्हती असं तू म्हणालीस ना, मी कालपासून तेवढंच वाचतेय गं.’

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी हात जोडले.

‘ते मी न्हाई लिवलं,’ त्या म्हणाल्या.

पलीकडं फोन ठेवल्याचा आवाज.