पिनकोड तोच

तीर्थरूप बाबा,

तुमच्या पाया पडून लिहिते. मी वेळेवर जेवते, काळजी नसावी. दादा तुमच्याजवळच झोपतो ना?

आईला शेवटचं भेटायला का आले नाही, ते फोनवर सांगवलं नाही. इथे राहायचा परवाना संपत आला होता. नवा मिळाल्याशिवाय निघाले असते, तर परत येता आलं नसतं. अर्जात जन्मस्थळ लिहायचं होतं. पासपोर्टवर आपल्या शहराचं जुनं इंग्रजी स्पेलिंग आहे, गोऱ्या साहेबांनी कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं. जन्मदाखल्याची प्रत पालिकेने अलीकडे दिली, तिच्यावर आपल्या उच्चाराप्रमाणे सुधारलेलं नवं. कागदाला कागद जुळला पाहिजे, म्हणून पासपोर्ट दुरुस्त होईपर्यंत मी अर्ज धरून ठेवला. आई फोनवर म्हणाली, "नीट सगळं करून ये गं, मी कुठे पळून जातेय?" त्या फोननंतर नवव्या दिवशी ती गेली.

काल परवान्याच्या कचेरीत खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "यात दुरुस्त काय करायचं? नाव बदलल्याची सरकारी अधिसूचना जोडा, 'पूर्वीचं नाव' या रकान्यात जुनं लिहा. जुने कागद बाद होत नाहीत." मी आधी विचारलंच नव्हतं.

काटेकोरपणा तुम्ही शिकवलात, पण तुम्हाला बोल नाही, बाबा. गोळ्या घेता ना?

पाकिटावर सवयीने जुनंच स्पेलिंग लिहिलंय. पोस्टमनला पिनकोड पुरतो. अशी माझी सगळी पत्रं आईपर्यंत पोहोचली. मीच तेवढी पोहोचले नाही.

तुमची,
धाकटी