पहिला हात कुणी पुढे केला

६ जाने., सोम.
आज स्वागतकक्षाच्या वर्गात हस्तांदोलन. आठ मुलं, हॉलमधल्या खुर्च्या भिंतीला लावल्या. उलव्याकडच्या नव्या हॉटेलात याच आठवड्यात मुलाखती, म्हणून घाई.
नेहमीचं सांगितलं. हात कोरडा हवा. अंगठ्याच्या बेचक्याला बेचकं भिडलं पाहिजे, नुसती बोटं द्यायची नाहीत. दोन-तीन हेलकावे, नजर डोळ्यांत, मग सोडायचा. समोरच्याने हात जोडले तर आपला पुढे आलेला हात ओशाळून लपवू नये, दुसरा त्याला आणून मिळवावा. समोर बाई असेल तर पुरुषाने थांबायचं. बाई हात देते, पुरुष घेतो. आधी कधीच नाही.
दर्शनाचा हात घेतला नि कळवळले. गव्हाणची ही, सासूबरोबर मासळी विकणारी, बारावी झालेली. सैल कर म्हटलं, तर म्हणते, "जिती मासळी धरतात तसा धरायचा ना टीचर? निसटू नाय द्यायची, चिरडायची पन नाय." सगळे हसले. याहून चांगलं मलाही सांगता आलं नसतं, आणि मी एकतीस वर्षं हॉटेलच्या काउंटरमागे काढली.
कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर आठवल्या. हात ओल्या पोतेऱ्यासारखा दिला की पट्टीची कड बोटांच्या पेरांवर. रडले की मग त्याच पेरांवर फुंकर घालायच्या. किती प्रेम होतं आमचं त्यांच्यावर.

८ जाने.
वाकणं आणि मिठी. जपानी पाहुण्यांसाठी पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकायचं, नजर खाली, आणि वाकताना हात पुढे करायचा नाही, डोकी आपटतात. मिठी आपण होऊन कधीच नाही. पाहुणा आलाच तर अंग थोडं तिरपं करायचं, एक हात खांद्यामागे, लगेच मोकळं. पडद्यातली बाई असेल तर उजवा हात छातीवर, मान किंचित.
द. चं नमस्कारात कोपर फार वर जातं. दुरुस्त केलं.

११ जाने., शनि.
द. ला नोकरी लागली. फोनवर रडत होती. स्वागतकक्षच. तिथले मॅनेजर अभिनंदनाला उठून उभे राहिले आणि थांबले. "मला कललं, ते माज्या हाताची वाट बगतायत. मग मी दिला." बरोबर नेमकं. कुणीतरी फोटो काढून स्टेटसला टाकला, मलाही पाठवला. मान ताठ, नजर समोर, बेचक्याला बेचकं. फोटो मोठा करून पाहत बसले. ह्यांच्या तसबिरीलाही दाखवला, वेडेपणा.

१४ जाने.
संक्रांत. सगळे तिळगूळ घेऊन येऊन गेले, वाकून गेले. द. नाही. फोन बंद.

१५ जाने.
सकाळी तिच्या आईचा फोन. द. इस्पितळात. उजवा हात.
बी.पी.ची गोळी घेतली, रिक्षा केली.
नितेशने, नवऱ्याने. बंदरावर कंटेनरच्या यार्डात असतो तो. स्टेटस त्याला यार्डातल्याच कुणीतरी दाखवलं आणि वर काहीतरी बोललं. घरी आला, शांतपणे विचारलं, "पयला हात कुनी केला?"
हिने खरं सांगितलं. मी केला. बाईनेच करायचा असतो, टीचरनं शिकवलंय.
"कंचा हात, दाव."
तिने उजवा दाखवला. त्याने तो पाट्यावर दाबून धरला आणि वरवंटा घातला. तीनदा. सासू ओरडत होती म्हणे, पण दार लावून घेतलं होतं तिनेच.
तळव्याची दोन हाडं, तीन बोटं. तारा घातल्यात. डॉक्टर म्हणाले मूठ वळेल की नाही, आता सांगत नाही.
मॅनेजरने आपण होऊन हात पुढे केला असता तर ती म्हणाली असती, साहेबांनीच दिला, मी कशी नाही म्हणू. सुटली असती. माझा नियम बाईच्या मानासाठी होता. घरी जाऊन तो नियम तिच्याविरुद्ध साक्ष ठरला.

१६ जाने.
तिला भात भरवला. म्हणाली, "टीचर, मी खोटं बोलाया पायजे होतं का?"
पुढचा घास कालवला. पोलिसांत तक्रार नोंदवली गेली. तिचा जबाब अजून बाकी, मधूनमधून औषधांच्या गुंगीत असते.

१९ जाने., रवि.
लिहिता येत नाही नीट, हात सुजलाय. तरी लिहिते.
वर्ग चालू होता. नितेश दारात आला, तिचा जबाब झालेला नाही म्हणून अजून मोकळाच. चपला बाहेर काढल्या, हात जोडले. "नमस्कार टीचर." मीही जोडले, सवय. मग म्हणाला, "आमाला पन शिकवा की. घ्या." हात पुढे केला त्याने.
आणि मी दिला. पुढे आलेला हात मी आयुष्यात कधी परत पाठवला नाही.
आवळला. अंगठी मांसात गेली, रक्त आलं. माझ्या डोळ्यांत बघत होता, अगदी मी शिकवते तसं. "बरोबर जमतोय ना? सोडायचा कदी, ते सांगा."
मुलांनी त्याला ओढला. एकाने खुर्ची घातली डोक्यात. खाली पडल्यावर लाथा. फरशीवर दात आला त्याचा, रक्ताच्या थुंकीत. मुली भिंतीला चिकटल्या होत्या.
मी "पुरे" म्हणाले. पण लगेच नाही म्हणाले. हात पदरात धरून मी बघत उभी होते, आणि मला बरं वाटत होतं. हे कुणाला सांगणार.
फरशी दोनदा पुसली.

२२ जाने.
द. माहेरी आली. आज तिच्या सासरचे काका येऊन गेले, गावातलं वजनदार माणूस. "पोरगं चुकलंय. तुमच्या पोरांनीबी त्याला फोरलंय, त्यावर आमी गप हाव. रविवारी तो तुमच्या पाया परंल, सगल्यांसमोर. तुमी डोक्यावर हात ठेवा, मंग सून घरी येल नि पोलिसातला कागद मागं घेल."
म्हणजे माझा एक हात त्याच्या डोक्यावर, की सगळं मिटलं. पाया पडलेल्याला आशीर्वाद नाकारलेला मी तरी पाहिला नाही.
द. ला विचारलं, तुला काय हवं. म्हणाली, "माजं डोकं चालत नाय. तुमी काय करताव ते मी बगीन."
नको होतं हे माझ्यावर.

२६ जाने., रवि.
दहा-बारा माणसं हॉलमध्ये. काका, सासू, द. तिच्या आईशेजारी, प्लास्टरचा हात मांडीवर.
नितेश आला. ओठ अजून सुजलेला. वाकला, नुसता टेकवल्यासारखा नाही, पूर्ण, कपाळ माझ्या पावलांवर. गरम होतं कपाळ. क्षणभर मला तो कुणाचातरी लहान मुलगाच वाटला. माझा हात उचललाही गेला थोडा.
मग पावलं खुर्चीखाली ओढून घेतली.
त्याचं कपाळ फरशीला लागलं. तो तसाच राहिला. 
काका म्हणाले, "टीचर, आसं करू नये. पाया परलेल्याला..."
मी म्हटलं, "माझ्या नको पडू. तिच्या वतीने मी काही बोलणार नाही."
सासू म्हणाली, "शिकलेली मानसं ही." तो उठला, कुणाकडे न बघता चपला घालून गेला. बाकीचेही गेले. "येतो" कुणी म्हणालं नाही, मयताच्या घरातून निघावं तसे.
द. बसून होती. तिला बरं वाटलं की भीती, कळलं नाही. आता तो काय करेल, हे आम्हा दोघींनाही ठाऊक नाही. उद्या अकराला पोलीस स्टेशनात तिचा जबाब आहे.
"काय सांगणार?" मी विचारलं.
"अजून नाय ठरवलं, टीचर."
निघताना दारात थांबली. हात जोडता येईना, वाकावं तर प्लास्टर. मला जवळ घ्यावंसं वाटलं, पण कुठे धरू तेच कळेना. दोघी तशाच उभ्या राहिलो. मग तिच्या आईने हाक मारली.